सोलापूरचं दिनमान: सूर्योदय-सूर्यास्तावरून दिवसाची लांबी कशी काढायची आणि ती वर्षभर का बदलते

दरवर्षी जानेवारीत होम मैदानावर गड्डा भरला की मला एकच प्रश्न हमखास ऐकू येतो. "संक्रांत झाली, दिवस मोठा व्हायला लागला म्हणता, मग सकाळी अंधार का वाढतोय?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर सुंदर आहे, पण ते समजायला आधी दिवसाची लांबी मोजता यायला हवी. म्हणून त्याच्या आधीचे आणि नंतरचे प्रश्नही इथे घेतले आहेत. खालच्या वेळा सोलापूर शहराच्या आहेत (अक्षांश सुमारे १७.७ उत्तर, रेखांश सुमारे ७५.९ पूर्व). वर्षागणिक त्यांत एखाद्या मिनिटाचा फरक पडतो.

दिनमान म्हणजे नेमकं कुठपासून कुठपर्यंत?

सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजावर दिसते तो सूर्योदय, आणि तीच वरची कड क्षितिजाआड जाते तो सूर्यास्त. या दोन क्षणांमधला वेळ म्हणजे दिनमान. पंचांगात ते घटी-पळांत लिहितात. एक घटी २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचं, आणि अहोरात्र ६० घटींचं. म्हणून दिवस-रात्र अगदी समान असतील तर दिनमान ३० घटी, म्हणजे १२ तास.

वजाबाकी साधीच आहे ना? मग उत्तर का चुकतं?

२१ जून घ्या. सोलापुरात सूर्योदय ५:५३, सूर्यास्त संध्याकाळी ७:०४. संध्याकाळच्या वेळेत १२ मिळवा, १९:०४ झाले. आता ४ मिनिटांतून ५३ जात नाहीत, म्हणून एक तास हातचा घ्या. तो तास ६० मिनिटांचा असतो, तेव्हा ४ चे ६४ झाले. ६४ वजा ५३ म्हणजे ११, आणि १८ वजा ५ म्हणजे १३. दिनमान १३ तास ११ मिनिटं.

हेच गणित कॅल्क्युलेटरवर १९.०४ वजा ५.५३ असं केलं की १३.५१ येतं आणि माणूस ते १३ तास ५१ मिनिटं असं वाचतो. कॅल्क्युलेटरने हातचा १०० चा घेतलेला असतो, ६० चा नाही. त्यामुळे ही चूक नेमकी ४० मिनिटांची असते. एखाद्या दिवसाचं उत्तर शेजारच्या दिवसांपेक्षा अचानक ४० मिनिटांनी मोठं दिसलं तर कारण शोधत बसू नका, हेच झालेलं असतं.

पडताळ्याची आणखी एक सोपी खूण आहे. सोलापुरात दिनमान कधीच ११ तास ४ मिनिटांच्या खाली जात नाही आणि १३ तास ११ मिनिटांच्या वर जात नाही. उत्तर या पट्ट्याबाहेर गेलं तर वेळा तरी चुकल्या आहेत किंवा वजाबाकी तरी.

एक्सेलमध्ये वर्षभराचा तक्ता करायचा असेल तर?

A रकान्यात सूर्योदय, B रकान्यात सूर्यास्त लिहा. सूर्यास्त २४ तासांच्या पद्धतीने, म्हणजे `19:04` असा लिहा. मग:

```
=TEXT(B2-A2,"h:mm")
=(B2-A2)*24
```

पहिलं सूत्र तास-मिनिटं देतं. दुसऱ्यासाठी त्या चौकटीचं स्वरूप साध्या संख्येचं ठेवा, म्हणजे दशांशातले तास मिळतात (१३ तास ११ मिनिटं म्हणजे १३.१८). आलेख काढायचा तर दुसरंच वापरा. सूर्यास्त नुसता `7:04` लिहिला तर तो सकाळचा धरला जातो, आणि जूनमधला दिवस १ तास ११ मिनिटांचा निघतो. डिसेंबरात तर वजाबाकी उणे जाते आणि चौकटीत वेळेऐवजी खुणा किंवा चुकीचा संदेश दिसतो.

घरच्या कॅलेंडरवरच्या वेळा चालतील का?

आधी त्या कोणत्या गावच्या आहेत ते बघा. मुंबई सोलापूरच्या पश्चिमेला सुमारे ३ अंश आहे, आणि एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून तिथे सगळंच १२ मिनिटं उशिरा होतं असं वाटेल. पण मुंबई थोडी उत्तरेलाही आहे. त्यामुळे जूनमध्ये तिचा दिवस आपल्यापेक्षा ५ मिनिटांनी मोठा, तर डिसेंबरात ५ मिनिटांनी लहान असतो. म्हणजे सरसकट १२ मिनिटं वजा करूनही काम भागत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे सरमिसळ. २१ डिसेंबरला मुंबईचा सूर्योदय ७:०७ आणि सोलापूरचा सूर्यास्त ५:५६ घेतला तर दिवस १० तास ४९ मिनिटांचा येतो. वर दिलेल्या पट्ट्याच्या तो बाहेर आहे, म्हणजे चूक लगेच उघडी पडते.

२१ मार्चला दिवस-रात्र समान असतात, मग वजाबाकी १२ तास ७ मिनिटं का येते?

त्या दिवशी सोलापुरात सूर्योदय ६:३०, सूर्यास्त ६:३७. वरची सात मिनिटं दोन कारणांनी येतात. एक म्हणजे आपण बिंबाचा मध्य धरत नाही, वरची कड धरतो. दुसरं, हवेतून येताना प्रकाश वाकतो. क्षितिजाजवळ हे वाकणं सुमारे अर्ध्या अंशाहून थोडं जास्त असतं, म्हणजे जवळजवळ सूर्यबिंबाच्या रुंदीएवढं. त्यामुळे सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाखाली असतानाच आपल्याला वर दिसतो. सकाळी साडेतीन मिनिटं आणि संध्याकाळी साडेतीन मिनिटं असा हा नफा आहे आणि तो वर्षभर, सात-आठ मिनिटांचा, प्रत्येक दिवसाला मिळतो. म्हणून वजाबाकी बरोबर १२ तास येईल असा दिवस सोलापुरात मार्चच्या १३ तारखेच्या आसपास आणि सप्टेंबरच्या ३० तारखेच्या आसपास असतो.

दिवस लहान-मोठा होतो तो कशामुळे?

पृथ्वीचा आस तिच्या भ्रमणकक्षेच्या उभ्या रेषेशी सुमारे २३.४ अंश कललेला आहे, म्हणून. सूर्य जवळ-लांब होतो म्हणून नव्हे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपला दिवस जवळपास सर्वांत लहान असतो तेव्हा.

कललेल्या आसाचा दिवसाच्या लांबीशी संबंध कसा लागतो, ते गच्चीवरून बघता येतं. सोलापुरातून ध्रुवतारा उत्तर क्षितिजाच्या वर फक्त १७-१८ अंशांवर दिसतो. आकाशातलं सगळं त्या बिंदूभोवती फिरतं, सूर्यसुद्धा. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी सूर्याच्या रोजच्या वर्तुळाचा बरोबर अर्धा भाग क्षितिजाच्या वर असतो. जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो, त्याचं वर्तुळ ध्रुवाच्या बाजूला सरकतं आणि अर्ध्याहून जास्त भाग वर येतो. डिसेंबरात उलट. हे सरकणं केवढं असतं याची कल्पना हवी असेल तर सूर्य उगवतो ती जागा लक्षात ठेवा. जूनच्या अखेरीस तो ऐन पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो, डिसेंबरच्या अखेरीस तेवढाच दक्षिणेला. मधलं अंतर हात लांब करून मोजलं तर दोन वितींहून जास्त भरतं.

ध्रुव जितका वर, तितका हा फरक मोठा. विषुववृत्तावर ध्रुव क्षितिजावर टेकलेला असतो, म्हणून तिथे दिवस वर्षभर जवळजवळ सारखाच. सोलापुरात मोठ्या आणि लहान दिवसात २ तास ७ मिनिटांचा फरक पडतो.

दिवस रोज सारखाच का वाढत नाही? मार्चमध्ये भराभर आणि जूनमध्ये थबकल्यासारखा का?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त जागा देतो, कारण याचं उत्तर एका काठीच्या सावलीत आहे आणि आपल्याकडचे पंचांगकर्ते शेकडो वर्षं ते वापरत आले आहेत.

१२ अंगुळं उंचीची काठी (शंकू) सपाट जागेवर ओळंब्याने सरळ उभी करायची आणि विषुवदिनी माध्यान्हीची तिची सावली मोजायची. या सावलीला पलभा म्हणतात. अंगुळांऐवजी १२ इंच घेतलेत तरी चालेल, कारण प्रमाणच महत्त्वाचं. सोलापुरात ही सावली ३.८२ भरते.

आता जुना नियम असा: पलभेला १० ने, ८ ने आणि १० भागिले ३ ने गुणा. आपल्याला ३८.२, ३०.६ आणि १२.७ पळं मिळतात. ही तीन चरखंडं. विषुवदिनानंतरच्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात (काटेकोर बोलायचं तर सूर्याच्या ३०-३० अंशांच्या चालीत) सूर्योदय-सूर्यास्त मध्यान्हापासून किती लांब सरकतात, ते ही खंडं सांगतात. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, म्हणून प्रत्येकाची दुप्पट करायची.

पहिल्या महिन्यात ७६ पळं, म्हणजे साधारण ३० मिनिटं. दुसऱ्या महिन्यात ६१ पळं, म्हणजे २४ मिनिटं. तिसऱ्यात २५ पळं, म्हणजे फक्त १०. तुमचं उत्तर इथेच आहे. मार्च-एप्रिलमध्ये दिवस रोज एका मिनिटाने वाढतो, मे-जूनमध्ये रोज सरासरी वीस सेकंदांनी, आणि २१ जूनच्या आगेमागे वाढ कळतही नाही. कारण सूर्याचं उत्तरेकडे सरकणं झोक्यासारखं आहे. झोका मधून जाताना सर्वांत वेगात असतो आणि टोकाला पोचताना क्षणभर थांबतो. विषुवदिन हा मधला बिंदू, २१ जून हे टोक.

पूर्ण पडताळा घेऊ. तिन्ही खंडांची बेरीज ८१.५ पळं, दुप्पट १६३ पळं, म्हणजे २ घटी ४३ पळं. ३० घटींत मिळवली की ३२ घटी ४३ पळं, अर्थात १३ तास ५ मिनिटं. त्यात प्रकाश वाकण्याची सात-आठ मिनिटं घाला, १३ तास १३ मिनिटं झाली. प्रत्यक्षात १३ तास ११ मिनिटं असतात. एका काठीच्या जोरावर वर्षातला सर्वांत मोठा दिवस दोन मिनिटांच्या आत सापडतो. डिसेंबरसाठी तेच ३० घटींतून वजा करायचं: २७ घटी १७ पळं, वरची आठ मिनिटं धरून ११ तास ३ मिनिटं. प्रत्यक्ष ११ तास ४ मिनिटं. मला या गणिताचं अजूनही अप्रूप वाटतं.

मधल्या दिवसासाठीही हेच चालतं. २० एप्रिलला विषुवदिनापासून एक महिना झाला, म्हणजे १२ तास ७ मिनिटांत पहिल्या खंडाची ३० मिनिटं मिळवायची. १२ तास ३७ मिनिटं, आणि नेमकं तेवढंच दिनमान त्या दिवशी असतं.

ही सावली मी स्वतः मोजली तर कुठे फसेन?

बहुतेक जण घड्याळात बारा वाजता मोजतात. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आहे, सोलापूर त्याच्या पश्चिमेला. शिवाय मार्चमध्ये सूर्य घड्याळाच्या सात-आठ मिनिटं मागे असतो. त्यामुळे २० मार्चला सोलापुरात सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो १२:३४ च्या सुमारास. बाराला मोजलेली सावली ३.८२ ऐवजी ४.२६ भरते आणि जूनचा दिवस साडेसात मिनिटांनी जास्त येतो. घड्याळावर भरवसा नसेल तर १२:१५ पासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करत जा. सर्वांत आखूड सावली हीच पलभा.

सावलीचं टोक पुसट असतं, कारण सूर्य बिंदू नसून बिंब आहे. पुसट पट्ट्याचा मध्य धरा. एक दशांश अंगुळाची चूक झाली तरी दिनमानात पावणेदोन मिनिटांचाच फरक पडतो.

संक्रांतीनंतरही सकाळ उशिरा का होते?

आता मूळ प्रश्न. सोलापूरच्या तीन तारखा शेजारी ठेवू.

| तारीख | सूर्योदय | सूर्यास्त | दिनमान |
|---|---|---|---|
| २४ नोव्हेंबर | ६:३७ | ५:४९ | ११ तास १२ मि. |
| २१ डिसेंबर | ६:५२ | ५:५६ | ११ तास ४ मि. |
| १४ जानेवारी | ७:०० | ६:१० | ११ तास १० मि. |

सर्वांत लहान दिवस २१ डिसेंबरचा. पण सूर्यास्त सर्वांत लवकर होतो तो २४ नोव्हेंबरच्या आसपास, आणि सूर्योदय सर्वांत उशिरा होतो तो थेट २० जानेवारीच्या आसपास. २१ डिसेंबर ते संक्रांत या काळात सूर्यास्त १४ मिनिटांनी पुढे गेला आणि सूर्योदयही ८ मिनिटांनी पुढे गेला. १४ वजा ८ म्हणजे ६ मिनिटं. दिवस खरोखरच वाढला, पण सगळी वाढ संध्याकाळच्या पदरात पडली आणि सकाळचं उलट नुकसान झालं.

कारण असं की दिवसाचा मध्यच सरकत असतो. सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या बरोबर मधली वेळ काढा: २४ नोव्हेंबरला १२:१३, २१ डिसेंबरला १२:२४, १४ जानेवारीला १२:३५. घड्याळाचा दिवस २४ तासांचा, पण डिसेंबरच्या अखेरीस एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंतचा खरा काळ त्याहून अर्ध्या मिनिटाने जास्त असतो. पृथ्वी त्या वेळी सूर्याजवळ असल्याने कक्षेवर वेगात धावत असते. त्यात आस कललेला असल्याने सूर्याची चाल त्या दिवसांत पूर्व-पश्चिम दिशेला जास्त पडते. म्हणून स्वतःभोवतीची फेरी पूर्ण झाल्यावरही सूर्य पुन्हा माथ्याच्या रेषेवर यायला पृथ्वीला थोडं जास्त वळावं लागतं. हा अर्धा मिनिट रोज साठतो आणि सगळा दिवस उचलून उशिराकडे नेतो. त्याच वेळी दिवसाची लांबी टोकावर थबकलेली, रोज जेमतेम काही सेकंदांनी बदलणारी. त्यामुळे सरकणं वाढीवर मात करतं. जानेवारीच्या शेवटी दिवस भराभर वाढू लागतो, मग सकाळही लवकर व्हायला लागते.

जूनमध्येही हेच होतं, पण सौम्यपणे. सर्वांत लवकर सूर्योदय जूनच्या पहिल्या आठवड्यात (५:५१) आणि सर्वांत उशिरा सूर्यास्त जुलैच्या पहिल्या आठवड्यात (७:०६).

म्हणून केवळ सूर्यास्त बघून "दिवस वाढायला लागला" म्हणणारा नोव्हेंबरच्या शेवटालाच फसतो, आणि केवळ सूर्योदय बघणारा जानेवारीच्या शेवटापर्यंत नाही म्हणत राहतो. दोन्ही वेळा हव्यात आणि वजाबाकी हवी.

मग उत्तरायण २१ डिसेंबरला आणि संक्रांत १४ जानेवारीला, असं का?

सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच. संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या मकर राशीवर अवलंबून आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, त्यामुळे ऋतूंचं वर्ष ताऱ्यांच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी लहान पडतं आणि साधारण ७२ वर्षांत एक दिवसाचं अंतर पडतं. दीड हजार वर्षांहून जास्त काळापूर्वी दोन्ही एकत्र होते, आज २४ दिवसांची फट आहे. "तिळातिळाने दिवस वाढतो" हे मात्र संक्रांतीच्या दिवसांत अक्षरशः खरं असतं. तेव्हा वाढ रोज अर्ध्या मिनिटाच्या आसपास असते.

मोठा दिवस जूनमध्ये, मग आपल्याकडे कडक ऊन मे महिन्यात का?

सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. २१ जूनला तर तो माध्यान्हीला डोक्याच्या सहा अंश उत्तरेला असतो. दिवस तेव्हा मोठा असतो खरा, पण एव्हाना पावसाळी ढग आलेले असतात.

पहाटेचा उजेड दिवसात धरायचा का?

दिनमानात नाही. पण उजेडात काम करण्यापुरता विचार असेल तर सोलापुरात सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर २२ ते २४ मिनिटं दिव्याशिवाय भागतं. तो काळ वेगळा लिहा. एकाच तक्त्यात कधी धरला आणि कधी सोडला तर दिवस पाऊण तासाने उड्या मारताना दिसतील.

गच्चीवरून पाहिलेली वेळ छापील वेळेशी जुळत नाही, चूक माझी का?

बहुधा क्षितिजाची. छापील वेळ सपाट, मोकळं क्षितिज धरून काढलेली असते. समोरच्या इमारतीने किंवा झाडांनी क्षितिज एका अंशाने (लांब केलेल्या हाताच्या करंगळीएवढं) वर उचललं की सूर्य चार-साडेचार मिनिटं उशिरा दिसतो. उन्हाळ्यात धुळीच्या पट्ट्यात सूर्य मावळायच्या आधीच विरून जातो. तुम्ही पूर्ण बिंब वर आल्यावर वेळ लिहीत असाल तर तिथेही सव्वादोन मिनिटं गेली, कारण कड दिसण्यापासून पूर्ण बिंब वर यायला तेवढा वेळ लागतो.

आणि छापील वेळा मिनिटापर्यंतच दिलेल्या असतात, तेव्हा दोन्हींच्या वजाबाकीत एका मिनिटाची खोट राहू शकते. जूनच्या किंवा डिसेंबरच्या अखेरीस एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना करून काहीच हाती लागत नाही. तिथे पंधरा-पंधरा दिवसांनी बघा. मार्चमध्ये मात्र आठवड्याला सात मिनिटं वाढलेली वहीत स्वच्छ दिसतात.